ऐरोलीतील त्रिकोणी कोपरा: एका अंतर्वर्तुळाच्या त्रिज्येची दोन उत्तरे

ऐरोलीतील एका गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात दोन कुंपणभिंती जिथे एकमेकींना मिळतात, तिथे एक त्रिकोणी जागा मोकळी होती. तिच्या तिसऱ्या बाजूने गाड्यांच्या वाटेची सिमेंटची कड तिरकी गेलेली आहे. या जागेत कमळांसाठी एक गोल हौद बांधावा आणि तो जागेत मावेल तेवढा मोठा असावा, असे सोसायटीच्या सभेत ठरले. मी गणिताचा शिक्षक आणि त्याच इमारतीतला रहिवासी असल्यामुळे हौदाची त्रिज्या काढून देण्याचे काम माझ्याकडे आले. या कामात एकाच त्रिज्येची दोन सूत्रांनी दोन वेगळी उत्तरे आली आणि त्या फरकामागचे कारण शोधताना जे हाती लागले, ते शाळेच्या पाठात सहसा येत नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

सोसायटीच्या जुन्या नकाशात या जागेच्या बाजू ४.८० मीटर, ९.०० मीटर आणि १०.२० मीटर अशा दिल्या होत्या. ४.८० चा वर्ग २३.०४ आणि ९ चा वर्ग ८१. त्यांची बेरीज १०४.०४ आणि हाच १०.२० चा वर्ग आहे. म्हणजे नकाशानुसार हा नेमका काटकोन त्रिकोण होता, दोन भिंती काटकोन करणाऱ्या बाजू होत्या आणि तिरकी कड हा कर्ण होता. त्रिकोणात मावणारे सर्वांत मोठे वर्तुळ म्हणजे त्याचे अंतर्वर्तुळ, तिन्ही बाजूंना आतून स्पर्श करणारे. काटकोन त्रिकोणाच्या बाबतीत त्याची त्रिज्या काढण्याची दोन सूत्रे सर्वांच्या परिचयाची आहेत. काटकोन करणाऱ्या बाजू a आणि b, कर्ण c आणि त्रिज्या r असे मानले, तर

r = (a + b − c) / 2

r = ab / (a + b + c)

पहिल्याला येथे वजाबाकीचे सूत्र म्हणतो आणि दुसऱ्याला गुणाकाराचे. नकाशातील मापांवर पहिल्याने १३.८० वजा १०.२० म्हणजे ३.६०, त्याचे निम्मे १.८० मीटर येते, दुसऱ्याने ४३.२० भागिले २४ म्हणजे तेही १.८० मीटर. दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळतात. या भरवशावर सोसायटीने हौदाच्या काठासाठी चापाच्या आकाराचे काँक्रीटचे ब्लॉक रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्यातून ओतून घेतले. भिंतीवरचे प्लास्टर आणि कामातली थोडी चूकभूल लक्षात घेऊन ब्लॉकच्या काठाची बाहेरची त्रिज्या १.८० ऐवजी १.७५ मीटर ठेवली होती.

हाच त्रिकोण फार जुना आहे. ४.८०, ९ आणि १०.२० या मापांचे परस्पर प्रमाण ८, १५ आणि १७ असे आहे, आणि प्राचीन चीनमधील ‘नऊ प्रकरणे’ या गणितग्रंथाच्या नवव्या प्रकरणात नेमके हेच उदाहरण येते: काटकोन करणाऱ्या बाजू ८ आणि १५ पावले, तर आत मावणाऱ्या वर्तुळाचा व्यास किती? उत्तर ६ पावले, आणि रीत गुणाकाराची. इसवी सन २६३ मध्ये ल्यू हुई या गणितज्ञाने त्या ग्रंथावर भाष्य लिहिताना आकृतीचे तुकडे करून ही रीत का चालते ते दाखवले आणि वजाबाकीची रीतही दिली. दोन रीती शेजारी शेजारी ठेवण्याची परंपरा अशी सतरा शतकांहून जुनी आहे. मात्र त्या सर्व उदाहरणांत बाजू दिलेल्या असतात. टेपने मोजलेल्या नसतात.

ब्लॉक येऊन पडल्यावर, मिस्त्रींनी फक्की मारण्यापूर्वी जागा पुन्हा मोजून घ्यावी असे मी सुचवले. दोन्ही भिंतींची मापे नकाशाप्रमाणेच, ४.८० आणि ९.०० मीटर भरली. तिरकी कड मात्र १०.२० च्या जागी १०.३५ मीटर आली. दहावीत शिकणारी इमारतीतील एक मुलगी सोबत होती. तिने लगेच वहीत वजाबाकीचे सूत्र वापरले: १३.८० वजा १०.३५ म्हणजे ३.४५, त्याचे निम्मे १.७२५ मीटर. तिचे गणित बरोबर होते, पण त्या उत्तरानुसार १.७५ मीटर त्रिज्येचे ब्लॉक जागेत बसतच नव्हते. सोसायटीच्या सचिव ताई चिंतेत पडल्या, कारण ब्लॉक परत जाणार नव्हते आणि नवे ओतून घ्यायचे तर खर्च दुप्पट होणार होता. मग मी त्याच मापांवर गुणाकाराचे सूत्र लावले: ४३.२० भागिले २४.१५, म्हणजे १.७८९ मीटर. या उत्तरानुसार ब्लॉक आरामात बसत होते.

“सर, सूत्रं दोन्ही बरोबर आहेत ना? मग उत्तरं वेगळी कशी?” तिने विचारले. हा प्रश्न अगदी योग्य होता. त्याचे उत्तर द्यायचे तर प्रत्येक सूत्र कुठून येते आणि त्यात काटकोनाचा वापर नेमका कोणत्या पायरीवर होतो, हे पाहावे लागते.

वजाबाकीचे सूत्र स्पर्शिकाखंडाच्या प्रमेयातून येते. वर्तुळाबाहेरील बिंदूपासून काढलेले दोन स्पर्शिकाखंड समान असतात, त्यामुळे त्रिकोणाच्या प्रत्येक शिरोबिंदूपासून दोन्ही बाजूंवरील स्पर्शबिंदू सारख्याच अंतरावर असतात. ही तीन अंतरे बाजूंच्या बेरजांत मांडली की भिंतींच्या कोपऱ्यापासून स्पर्शबिंदूपर्यंतचे अंतर (a + b − c) / 2 मिळते. इथपर्यंत काटकोनाचा संबंध कुठेही आलेला नाही. कोणत्याही त्रिकोणात हे खरे आहे. काटकोन येतो तो शेवटच्या पायरीवर. कोपरा, दोन स्पर्शबिंदू आणि वर्तुळाचा मध्य यांनी बनलेला चौकोन काटकोन असेल तरच चौरस होतो, आणि तेव्हाच ते अंतर त्रिज्येएवढे असते. कोपरा काटकोनात नसेल, तर हे सूत्र त्रिज्या देतच नाही. ते स्पर्शबिंदूचे कोपऱ्यापासूनचे अंतर देते. कोपऱ्याचा कोन C असेल, तर खरी त्रिज्या त्या अंतराला C च्या निम्म्याच्या टॅनने गुणून मिळते.

गुणाकाराचे सूत्र क्षेत्रफळातून येते. वर्तुळाच्या मध्यापासून तिन्ही शिरोबिंदूंना रेषा जोडल्या की त्रिकोणाचे तीन तुकडे होतात, प्रत्येकाची उंची r, आणि एकूण क्षेत्रफळ परिमितीच्या निम्म्याला r ने गुणल्याएवढे. इकडे काटकोन त्रिकोणाचे क्षेत्रफळ ab च्या निम्मे; दोन्ही समान लिहिले की सूत्र तयार. काटकोन इथे वापरला जातो तो क्षेत्रफळात. कोन C काही वेगळा असेल, तर क्षेत्रफळ ab च्या निम्म्याला साइन C ने गुणून येते, म्हणून खरी त्रिज्या गुणाकाराच्या उत्तराला साइन C ने गुणल्याएवढी असते.

सगळा फरक याच ठिकाणी आहे. दोन भिंतींची लांबी तशीच ठेवून त्यांच्यातला कोन फिरवत गेले, तर त्रिकोणाचे क्षेत्रफळ काटकोनाच्या वेळी सर्वांत जास्त असते. कमाल मूल्याच्या आसपास राशी फार हळू बदलते. कोन दोन अंशांनी चुकला तरी साइन ०.९९९४ असते, म्हणजे क्षेत्रफळात हजारात एक भागाचाही फरक पडत नाही. टॅनची गोष्ट वेगळी आहे. पंचेचाळीस अंशांपाशी टॅन वेगाने बदलत असतो आणि कोपऱ्यातला दोन अंशांचा फरक त्रिज्येत साडेतीन टक्क्यांचा फरक करतो. एकाच मापांवर गुणाकाराचे सूत्र जवळजवळ अढळ राहते आणि वजाबाकीचे सूत्र घसरते, ते यामुळे. वर्गात मी वजाबाकीचे सूत्र आधी शिकवत असे, कारण ते लक्षात ठेवायला सोपे आहे. मोजलेल्या मापांसाठी मात्र मी आता निःसंकोच गुणाकाराचे सूत्र पुढे ठेवतो.

ल्यू हुईच्या भाष्यात आणखी एक रीत आहे: कर्णातून एकेक बाजू वजा करायची, त्या दोन वजाबाक्यांच्या गुणाकाराची दुप्पट करायची आणि तिचे वर्गमूळ काढायचे, म्हणजे व्यास मिळतो. नकाशातील मापांवर तीही बरोबर ३.६० मीटर व्यास देते. पण कडेचे माप १०.३५ घेतले की तिच्याने त्रिज्या सुमारे १.९४ मीटर येते, म्हणजे खऱ्यापेक्षा १५ सेंटिमीटर जास्त. कर्ण आणि मोठी भिंत यांच्यात फरकच थोडा असल्याने कर्णातली लहान चूक तिथे मोठी होऊन बसते. प्रत्यक्ष आखणीसाठी ही रीत मी कोणालाही सुचवणार नाही.

आता प्रश्न राहिला तो १५ सेंटिमीटरांचा. दोनच शक्यता होत्या: एक तर कोपरा खरोखर काटकोनात नाही, किंवा कडेचे माप चुकले आहे. टेप मध्ये झोळ खाऊन जास्त लांबी दाखवू शकतो, हे खरे. पण झोळाचा हिशेब मांडला, तर १०.२० मीटर अंतरावर १५ सेंटिमीटर जास्त येण्यासाठी टेप मधोमध सुमारे ७५ सेंटिमीटर खाली लोंबायला हवा. कडेला जवळजवळ टेकवून धरलेला टेप तेवढा लोंबणे शक्य नाही. तरीही कोपऱ्याची स्वतंत्र तपासणी आवश्यक होती, आणि तिच्यासाठी मिस्त्रींकडे त्यांची नेहमीची रीत होती. त्यांनी कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ मीटरवर आणि दुसऱ्या भिंतीवर ४ मीटरवर खूण केली आणि दोन खुणांमधले अंतर मोजले. कोपरा काटकोनात असता तर ते ५ मीटर भरले असते. ते ५ मीटर साडेआठ सेंटिमीटर भरले.

“कोपरा गुण्यात नाही, सर,” मिस्त्री म्हणाले. “भिंत बाहेर उघडलीय.”

मिस्त्रींचा हा निष्कर्ष आणि दोन सूत्रांच्या उत्तरांतला फरक एकच गोष्ट सांगत होते, आणि ते नेमक्या आकड्यात दाखवता येते. वजाबाकीच्या उत्तराला गुणाकाराच्या उत्तराने भागले तर भागाकार येतो

(a + b − c)(a + b + c) / (2ab)

आणि अंशातील गुणाकार सोडवून कोसाइनच्या नियमाशी जुळवला, तर हा भागाकार बरोबर 1 + cos C एवढा असतो. हे अंदाजे नव्हे, प्रत्येक त्रिकोणासाठी तंतोतंत खरे आहे. आमच्या मापांवर १.७२५ भागिले १.७८८८ म्हणजे ०.९६४३, तेव्हा कोसाइन उणे ०.०३५७ आणि कोन ९२ अंशांहून किंचित जास्त. अशा कोनात ३ आणि ४ मीटरच्या खुणांमधले अंतर किती यावे, ते काढले तर ५.०८५ मीटर येते, आणि मिस्त्रींच्या टेपवर तेच दिसले होते. कडेचे माप आणि कोपऱ्याचे माप ही दोन वेगवेगळी मोजणी होती. दोन्ही एकाच कोनावर आल्यामुळे कडेचे माप बरोबर आहे आणि नकाशातला काटकोन फक्त कागदावर आहे, याबद्दल शंका उरली नाही.

म्हणून दोन सूत्रांची उत्तरे वेगळी येतात तेव्हा त्यांची सरासरी काढणे, किंवा त्यातले लहान उत्तर सुरक्षित म्हणून निवडणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. तो फरक हीच माहिती आहे. भागाकार एकापेक्षा कमी असेल तर कोपरा काटकोनापेक्षा उघडा, जास्त असेल तर मिटलेला. किंवा एखादे माप चुकले आहे. कोणती शक्यता खरी, ते ३-४-५ च्या तपासणीने कळते.

कोन ९२ अंश आहे हे ठरल्यावर काटकोनाची दोन्ही सूत्रे बाजूला ठेवून खरी त्रिज्या काढायला हवी होती. त्यासाठी अर्धपरिमिती s घेऊन

r = √( (s − a)(s − b)(s − c) / s )

हे हेरॉनच्या सूत्रातून येणारे, कोणत्याही त्रिकोणाला लागू पडणारे सूत्र वापरले. s म्हणजे १२.०७५, तीन वजाबाक्या ७.२७५, ३.०७५ आणि १.७२५. त्रिज्या आली १.७८८ मीटर. गुणाकाराचे सूत्र यापेक्षा जेमतेम एक मिलिमीटर जास्त देत होते, वजाबाकीचे सूत्र सव्वासहा सेंटिमीटर कमी. ब्लॉकच्या काठाची त्रिज्या १.७५ असल्याने तो प्रत्येक बाजूला सुमारे ३.८ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवून बसणार होता.

वजाबाकीच्या सूत्राचा आकडा मात्र वाया गेला नाही, कारण आखणीला लागणारी तीन अंतरे त्याच पद्धतीने मिळतात. कोपऱ्यापासून दोन्ही भिंतींवर १.७२५ मीटरवर, लहान भिंतीच्या टोकापासून कडेवर ३.०७५ मीटरवर, आणि मोठ्या भिंतीच्या टोकापासून कडेवर ७.२७५ मीटरवर स्पर्शबिंदू येतात. शेवटची दोन मापे मिळून १०.३५ होतात, म्हणून ती एकाच बिंदूवर पडतात. मिस्त्री काटकोनी कोपऱ्यात मध्य शोधण्यासाठी दोन्ही भिंतींपासून त्रिज्येएवढे अंतर घेतात आणि ती रीत इथेही चालली असती, पण काटकोनात नसलेल्या कोपऱ्यात भिंतीला लंब धरणे हेच अवघड असते. त्यापेक्षा शिरोबिंदूपासून मध्याचे अंतर काढून दोन टेपांनी मध्य पकडणे सोपे. स्पर्शबिंदूचे अंतर आणि त्रिज्या यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढले की ते अंतर मिळते: कोपऱ्यापासून २.४८ मीटर, लहान भिंतीच्या टोकापासून ३.५६ मीटर आणि मोठ्या भिंतीच्या टोकापासून ७.४९ मीटर. पहिल्या दोन मापांनी खुंटी ठोकली आणि तिसऱ्या मापाने तपासली. खुंटीला दोरी बांधून १.७५ मीटरवर फक्की मारली, तेव्हा तिन्ही बाजूंना अंतर चार सेंटिमीटरच्या आतच राहिले.

मापांतील चुकीचा परिणाम किती, हेही इथेच सांगायला हवे, कारण काटकोन पक्का असलेल्या जागीही टेप चुकतोच. वजाबाकीच्या सूत्रात कोणत्याही बाजूतली १० सेंटिमीटरची चूक त्रिज्येत पूर्ण ५ सेंटिमीटर होऊन उतरते. गुणाकाराच्या सूत्रात आमच्या त्रिकोणासाठी तीच चूक लहान भिंतीत झाली तर त्रिज्येत सुमारे ३ सेंटिमीटर, मोठ्या भिंतीत झाली तर सव्वा सेंटिमीटर आणि कर्णात झाली तर पाऊण सेंटिमीटर एवढाच फरक पडतो. कर्ण मोजणे नेहमीच सर्वांत अवघड असते, मध्ये झाड, दगड, उतार काहीतरी येतेच. त्यामुळे ज्या मापावर सर्वांत कमी भरवसा, त्याचाच परिणाम या सूत्रात सर्वांत कमी, ही या सूत्राची फार मोलाची बाजू आहे. लहान भिंत मात्र दोनदा मोजावी.

गुणाकाराच्या सूत्रालाही मर्यादा आहे. साइन कधीही एकापेक्षा जास्त नसते, म्हणून कोपरा काटकोनात नसेल तर हे सूत्र नेहमी खऱ्यापेक्षा मोठीच त्रिज्या देते. काटकोनापासून पाच अंशांच्या आत हा फुगवटा अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणजे आमच्यासारख्या हौदात सातेक मिलिमीटर असतो आणि बांधकामात तो चालून जातो. त्यापलीकडे तो झपाट्याने वाढतो. हौदाचे काम पाहून सचिव ताईंनी फाटकाजवळच्या दुसऱ्या त्रिकोणी तुकड्यात तुळशीसाठी गोल पार बांधण्याचे सुचवले. त्या तुकड्याच्या बाजू ५.००, ६.०० आणि ६.७४ मीटर आहेत. तिथे वजाबाकीने २.१३, गुणाकाराने १.६९ येते आणि भागाकार १.२६ आहे, म्हणजे कोपरा साधारण ७५ अंशांचा. खरी त्रिज्या हेरॉनच्या मार्गाने १.६३ मीटर आहे. गुणाकाराच्या भरवशावर १.६९ चा पार आखला असता तर तो एका ना एका बाजूला पाच-सहा सेंटिमीटर बाहेर गेला असता. म्हणून त्या जागेसाठी मिस्त्रींना वर्गमुळाच्या सूत्राने काढलेला आकडाच लिहून दिला आहे.